सुळका आणि टेकडी : रक्ताच्या एका आलेखाचा इतिहास



१८४५ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस लंडनमधील सेंट जॉर्जेस रुग्णालयांतील डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांचेकडे एक कांचेची नळी येऊन पोंचली. बेन्स जोन्स हे वैद्य तर होतेच, परंतु त्यांची ख्याति रसायनज्ञ म्हणून अधिक होती, आणि शहरांतील इतर वैद्य आपले अवघड प्रश्न त्यांचेकडे धाडीत असत. नळींत एका रोग्याचें मूत्र होतें. रोगी सुमारें पंचेचाळीस वर्षांचा, किराणा मालाचा प्रतिष्ठित व्यापारी. वर्षाहून अधिक काळ त्याची छाती व पाठ असह्य दुखत होती, अंगांत त्राण राहिलें नव्हतें. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर वॉट्सन आणि डॉक्टर मॅकिंटायर यांना त्या मूत्रांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. नायट्रिक आम्ल घातलें कीं त्यांत सांका बसे. तो तापविला कीं विरघळे. आणि निवूं दिला कीं पुन्हां जमे. अंड्याचा पांढरा बलक तापविल्यावर घट्ट होतो, तो पुन्हां पातळ होत नाहीं, हें आपल्या घरांतील कोणीही सांगेल. येथें मात्र उष्णतेचें काम नेमकें उलट चाललें होतें. हा पदार्थ कोणता, एवढाच प्रश्न नळीबरोबर आलेल्या चिठ्ठींत विचारलेला होता.

बेन्स जोन्स यांनीं तो पदार्थ प्रथिनच आहे हें ओळखलें, त्याचें मापही केलें, आणि निरोगी माणसाच्या रक्तांत जेवढें प्रथिन असतें जवळजवळ तेवढें ह्या रोग्याच्या मूत्रांतून वाहून जात आहे असें त्यांना दिसून आलें. रोगी १८४६ सालच्या पहिल्याच दिवशीं मरण पावला. शवविच्छेदनांत त्याचीं हाडें इतकीं मऊ व ठिसूळ झालेलीं आढळलीं कीं सुरी सहज आंत जाई. ह्या रोगास पुढें मल्टिपल मायलोमा हें नांव मिळालें, आणि त्या मूत्रांतील प्रथिनास बेन्स जोन्स यांचें. परंतु तें प्रथिन येतें कोठून, आणि रक्तांत त्याचें रूप काय असतें, हें कळावयास आणखी जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं. आज मला सांगावयाचें आहे तें रक्तांतील ह्या रूपाविषयीं. तें रूप एका आलेखावर उमटतें. त्या आलेखावर कधीं एकच उंच सुळका दिसतो, कधीं रुंद टेकडी दिसते. आणि सुळका कीं टेकडी, एवढ्या एका भेदावर रोग्याची पुढील सर्व वाट ठरते.

प्रथम दोन शब्द रक्ताच्या निवळीसंबंधीं. रक्त नळींत घेऊन गोठूं दिलें म्हणजे तांबडी गांठ खालीं बसते आणि वर पिवळसर पाणी राहतें. ह्यालाच सीरम म्हणतात; मी त्यास निवळ म्हणेन. निरोगी माणसाच्या शंभर मिलिलिटर निवळींत सहा ते आठ ग्रॅम प्रथिनें असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन. बाकीचीं तीं सर्व ग्लोब्युलिन. एकोणिसाव्या शतकांतील रसायनज्ञांना हा भेद ठाऊक होता, कारण क्षारांच्या योगानें ग्लोब्युलिन आधीं खालीं बसतात, अल्ब्युमिन मागून. म्हणजे ग्लोब्युलिन वाढलें कीं कमी झालें हें सांगतां येत असे. तें कशा जातीचें वाढलें, हें सांगण्याचें साधन मात्र नव्हतें.

ह्या उणीवेचें फार चांगलें उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. बंगाल, बिहार आणि आसाम या प्रांतांत काळा आजारानें गांवेंच्या गांवें ओस पडत. १९२२ सालीं कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉक्टर नेपियर यांनीं ह्या रोगासाठीं एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. एक मिलिलिटर निवळ घ्यावी, तींत फॉर्मॅलिनचे एक-दोन थेंब टाकावे आणि नळी हालवून ठेवून द्यावी. काळा आजार असेल तर थोड्याच मिनिटांत निवळ घट्ट होई, आणि उकडलेल्या अंड्याच्या बलकाप्रमाणें पांढरी व अपारदर्शक दिसे. खेड्यांतील दवाखान्यांत, जेथें सूक्ष्मदर्शकसुद्धां नव्हता, तेथें ही परीक्षा अत्यंत उपयोगी पडली. परंतु तिच्यांत दोन दोष होते. एक तर आजाराला सुमारें तीन महिने झाल्याखेरीज ती उमटत नसे. आणि दुसरा दोष असा कीं, ती काळा आजार ओळखीतच नव्हती. ती केवळ ग्लोब्युलिनचा अतिरेक ओळखीत होती. तो अतिरेक यकृताच्या जुनाट विकारानें झालेला असो वा मायलोमानें झालेला असो, निवळ गोठावयाची ती गोठेच. चीनमध्यें सिआ नांवाच्या डॉक्टरांनीं याच सुमारास काळ्या आजारासाठीं काढलेली ऊर्ध्वपातित पाण्याची परीक्षा तर पुढें एका निराळ्याच, रक्तांतील पेशींच्या अर्बुदासाठीं वापरांत आली! परीक्षा चुकीची होती असें मी म्हणत नाहीं. ती जेवढें विचारीत होती तेवढेंच उत्तर तिला मिळत होतें. आणि ती विचारीत होती फक्त ‘किती?’ एवढेंच.

‘किती’ याच्या पुढें जाऊन ‘कसें’ हें विचारण्याची सोय स्वीडनमधील उपसाला येथें झाली. आर्ने तिसेलियस हे तेथील विख्यात रसायनज्ञ स्वेदबर्ग यांचे शिष्य. प्रथिनाच्या कणावर विद्युतभार असतो, म्हणून विजेच्या दोन ध्रुवांमध्यें तें ठेविलें कीं सरकूं लागतें, आणि ज्याचा भार जसा तसा त्याचा वेग, हें तत्त्व त्यापूर्वींच ठाऊक होतें. तिसेलियस यांनीं त्यावर १९३० सालीं प्रबंधही लिहिला होता. खरी अडचण होती ती उष्णतेची. वीज वाहूं लागली कीं द्राव तापतो, तापला कीं ढवळला जातो, आणि वेगळीं होऊं लागलेलीं प्रथिनें पुन्हां मिसळून जातात. ह्यावर त्यांनीं काढलेली युक्ति मला फार मौजेची वाटते. पाण्याची घनता सुमारें चार अंश सेंटिग्रेडला सर्वांत अधिक असते, आणि त्या बिंदूच्या आसपास उष्णमान किंचित् कमीजास्त झालें तरी घनता फारशी बदलत नाहीं. घनता बदलली नाहीं तर प्रवाह सुरू होत नाहीं. म्हणून त्यांनीं आपली इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची नळी त्या थंडाईंत ठेविली, आणि नळीचा छेद गोल न ठेवतां अरुंद आयताकृति केला, म्हणजे आंतील उष्णता भिंतींतून लौकर निघून जाईल. प्रथिनांच्या सीमा डोळ्यांना दिसत नाहींत. पण जेथें सीमा असेल तेथें प्रकाशाचा किरण किंचित् वाकतो, त्यावरून त्यांचें चित्र काढण्याची सोय केली. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या उपकरणांत त्यांनीं घोड्याची निवळ घातली, तेव्हां एक अल्ब्युमिन आणि त्याच्या मागून येणारे ग्लोब्युलिनचे तीन गट असे चार उंचवटे दिसले. तीन गटांना त्यांनीं ग्रीक वर्णमालेंतील पहिलीं तीन अक्षरें दिलीं : आल्फा, बीटा, गॅमा. तींच नांवें आज सर्व जगांत चालतात. १९४८ सालीं तिसेलियस यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढच्या दोनच वर्षांत, म्हणजे १९३९ सालीं, आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या दोन गोष्टी घडल्या. पहिली उपसाला येथेंच. एल्विन कॅबट हे तरुण अमेरिकन संशोधक तिसेलियस यांचेकडे आले होते. त्या दोघांनीं सशांना अंड्यांतील प्रथिन पुनःपुन्हां टोचून त्यांच्या रक्तांत त्याविरुद्ध भरपूर प्रतिद्रव्यें उत्पन्न केलीं. त्या निवळीचा आलेख काढला तों गॅमाचा उंचवटा चांगलाच वर आलेला. मग त्याच निवळींत अंड्याचें प्रथिन घातलें. प्रतिद्रव्यें त्याला चिकटून सांक्याच्या रूपानें खालीं बसलीं, तीं काढून टाकलीं, आणि आलेख पुन्हां काढला. गॅमाचा उंचवटा खालीं गेला होता. बाकीचे जागच्या जागीं होते. अशा रीतीनें प्रतिद्रव्यें मुख्यतः गॅमा गटांत राहतात हें सिद्ध झालें. दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील. लाँग्सवर्थ आणि त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या रोग्यांच्या निवळींचे आलेख काढले, त्यांत मल्टिपल मायलोमाचेही होते. इतर रोगांत गॅमाचा भाग फुगलेला दिसे. मायलोमांत मात्र एक उंच, अरुंद बुडाचें शिखर उभें होतें. पाश्चात्य ग्रंथकार त्याला चर्चच्या मनोऱ्याची उपमा देतात. आपल्याकडे ज्यांनीं जुन्नरजवळील जीवधन किल्ल्याशेजारचा वानरलिंगी सुळका पाहिला असेल, त्यांना अधिक वर्णनाची गरज नाहीं.

हा सुळका कां उभा राहतो, हें नीट समजलें म्हणजे बाकीचें सर्व वाचन सोपें होतें; म्हणून येथें थोडें थांबतों. प्रतिद्रव्यें तयार करतात त्या पेशींना प्लाझ्मा पेशी म्हणतात. ही गोष्ट स्वीडनच्याच आस्ट्रिड फाग्रेउस या विदुषीनें १९४८ सालच्या आपल्या प्रबंधांत दाखवून दिली. पुढें १९५७ सालीं ऑस्ट्रेलियांतील बर्नेट यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, एक पेशी आणि तिचा वंश एकाच प्रकारचें प्रतिद्रव्य घडवितो. निरोगी शरीरांत असे असंख्य वंश असतात. प्रत्येकाचें प्रतिद्रव्य दुसऱ्याहून किंचित् निराळें, म्हणून त्याचा विद्युतभारही किंचित् निराळा, आणि वेगही. शाळेंतील तीनशें मुलें एकदम धांवूं लागलीं तर तीं मैदानभर पसरतात. मधल्या भागांत गर्दी, दोन्हीं टोंकांना विरळ. गॅमाचा नेहमींचा उंचवटा बुटका आणि रुंद असतो तो ह्याच कारणानें. आतां एखादा रोग सर्वच वंशांना चिथावूं लागला, तर मुलें तीनशेंचीं नऊशें होतात, पण पसरतात पूर्वींसारखींच. टेकडी उंच होते; तिचें बूड रुंदच राहतें. उलट एकाच पेशीचा वंश बेबंद वाढला, तर त्याचें एकच एक प्रतिद्रव्य ढिगांनीं बाहेर पडतें. त्याचा प्रत्येक रेणु हुबेहूब दुसऱ्यासारखा, भार तोच, वेग तोच. म्हणून ते सारे एकाच रेषेवर येऊन थांबतात. हाच सुळका.

हा अर्थ स्पष्ट शब्दांत मांडण्याचें श्रेय यान वाल्डेनस्ट्रम यांचें. हेही स्वीडिश. १९४४ सालीं त्यांनीं दोन रोग्यांचें वर्णन केलें होतें. त्यांच्या नाकातोंडांतून रक्त येई, गांठी वाढल्या होत्या, निवळ काकवीसारखी दाट झाली होती, पण हाडें मात्र शाबूत होतीं. त्यांच्या रक्तांत एक फार मोठ्या रेणूचें ग्लोब्युलिन होतें. सिआ यांची पाण्याची परीक्षा ज्या विकारांत वापरांत आली असें मी वर म्हटलें, तो हाच. पुढें १९६१ सालीं त्यांनीं एका व्याख्यानांत अशा सर्व विकारांची दोन गटांत विभागणी केली : मोनोक्लोनल, म्हणजे एकवंशी, आणि पॉलीक्लोनल, म्हणजे बहुवंशी. सुळका एकवंशी, टेकडी बहुवंशी. आज कोणत्याही शहरांतील प्रयोगशाळेच्या अहवालांत हेच दोन शब्द आपणांस सांपडतील, आणि सुळक्याला ‘एम-स्पाइक’ किंवा ‘एम-बँड’ असें म्हटलेलें आढळेल.

तिसेलियस यांचें यंत्र लांबरुंद आणि अतिशय महाग, त्यामुळें जगांत मोजक्याच ठिकाणीं होतें. १९५० नंतर कागदावर इलेक्ट्रोफोरेसिस होऊं लागला : गाळण्याच्या कागदाची ओली पट्टी, तिच्यावर निवळीचा एक थेंब, दोन्हीं टोंकांना वीज. १९५७ सालीं लंडनमधील कोन यांनीं कागदाऐवजीं सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी वापरली, आणि रात्रभराचें काम तासा-दोन तासांवर आलें. हल्लीं आगारोज नांवाच्या पारदर्शक जेलवर अथवा केसासारख्या बारीक नळींत तें होतें. माझा एक जुना विद्यार्थी असली प्रयोगशाळा चालवितो. त्यानें मला एकदां रंग दिलेली पट्टी दाखविली. तिच्यावर पांच-सहा निळ्या रेघा असतात. एका टोंकाला अल्ब्युमिनची ठळक रेघ, मग फिकट आल्फा-एक, आल्फा-दोन, बीटा, आणि दुसऱ्या टोंकाला गॅमाचा धूसर डाग. एक यंत्र त्या पट्टीवरून प्रकाश फिरवून रेघांची गडदता मोजतें आणि आलेख काढतें. त्यांत अल्ब्युमिन डावीकडे व गॅमा उजवीकडे येतो. प्रत्येक उंचवट्याचें क्षेत्रफळ एकंदरीच्या किती टक्के हें यंत्र सांगतें. एकंदर प्रथिन वेगळें मोजलेलें असतें. दोहोंचा गुणाकार केला कीं त्या गटाचे ग्रॅम मिळाले.

आतां दोन आलेख शेजारीं शेजारीं ठेवून वाचूं. आंकडे मीं उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असे रोगी प्रत्यक्षांत भेटतात. पहिला रोगी त्रेसष्ट वर्षांचा. सहा महिने कंबर दुखते, दम लागतो, हिमोग्लोबिन साडेआठ. दुसरा बिहारमधील बावीस वर्षांचा तरुण. चार महिने ताप, पानथरी बेंबीपर्यंत वाढलेली, हिमोग्लोबिन तेंही साडेआठ. पहिल्याचें एकंदर प्रथिन ९.७ ग्रॅम. त्यांत अल्ब्युमिन ३.५, आल्फा-एक ०.३, आल्फा-दोन ०.७, बीटा ०.९ आणि गॅमा ४.३. दुसऱ्याचें एकंदर ९.० ग्रॅम, अल्ब्युमिन २.८, मधले तिन्ही गट पहिल्याइतकेच, आणि गॅमा पुन्हां ४.३. निरोगी माणसाचा गॅमा साधारणपणें ०.७ ते १.६ ग्रॅम असतो. म्हणजे दोघांचाही अडीचपटींहून अधिक वाढलेला आहे. नेपियर यांच्या नळींत दोघांचीही निवळ गोठण्यासारखी आहे. नुसते आंकडे पाहून ह्या दोघांत निवड करणें शक्य नाहीं.

आलेखाकडे पाहतांच मात्र भेद डोळ्यांत भरतो. दुसऱ्याच्या गॅमा भागांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढत जाऊन उतरणारी एक रुंद टेकडी आहे. पहिल्याच्या गॅमा भागांत एकच उभा सुळका, आणि त्याच्या दोन्हीं बाजूंस जमीन जवळजवळ सपाट. येथें एक खूण ध्यानांत ठेवावी : अल्ब्युमिन हें एकाच जातीचें प्रथिन, म्हणून त्याचा उंचवटा हाच आपला नमुना. गॅमांतील शिखराचें बूड अल्ब्युमिनच्या बुडाएवढें किंवा त्याहून अरुंद असेल तर एकवंशी वाढीची शंका घ्यावी. त्याच्या कितीतरी पट रुंद असेल तर ती बहुवंशी. नुसत्या उंचीनें फसूं नये. दुसरी खूण सुळक्याच्या पायथ्याशीं आहे, आणि माझ्या मतें तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. पहिल्या रोग्याचा सुळका ९.७ च्या ४० टक्के, म्हणजे सुमारें ३.९ ग्रॅम भरला. गॅमांतील उरलें किती? अवघे ०.४ ग्रॅम. म्हणजे ज्याच्या रक्तांत ग्लोब्युलिन उतूं चाललें आहे, त्याच्यापाशीं खरीं, कामाचीं प्रतिद्रव्यें मात्र निम्म्यालाही पुरत नाहींत. मायलोमाच्या रोग्यांना वरचेवर न्यूमोनिया होतो त्याचें हें एक मुख्य कारण आहे.

टेकडी काय सुचविते? तर शरीरांतील सर्व वंशांना कोणीतरी बाहेरून अथवा आंतून सतत चिथावीत आहे. आपल्या तरुणाच्या बाबतींत तो काळा आजार. इतरांत क्षयासारखा दीर्घ संसर्ग असेल, एच.आय.व्ही. असेल, ल्यूपस किंवा संधिवातासारखा, शरीर स्वतःवरच उठण्याचा रोग असेल, किंवा यकृताचा सिरोसिस असेल. सिरोसिसची एक विशेष खूण आहे : बीटा आणि गॅमा यांच्या मधली खिंड भरून येते, आणि दोन उंचवटे पुलानें जोडल्यासारखे दिसतात. कारण त्या रोगांत वाढणारें आयजी-ए नांवाचें प्रतिद्रव्य नेमकें त्या खिंडीच्या जागीं येऊन थांबतें. टेकडी दिसली म्हणजे वैद्यानें तिचें कारण हुडकावयाचें. टेकडीवर वेगळें औषध नसतें. कारण दूर झालें कीं ती कांहीं महिन्यांत आपोआप खालीं बसते.

सुळका दिसला तर मार्ग निराळा. प्रथम तो खरोखर एकवंशी आहे याची खात्री इम्युनोफिक्सेशन नांवाच्या परीक्षेनें करतात. तीच निवळ जेलवर पांच रांगांत चालवावयाची, आणि प्रत्येक रांगेवर एकेका प्रकारच्या प्रतिद्रव्याला पकडणारें द्रव्य सोडावयाचें : तीन रांगा आयजी-जी, आयजी-ए आणि आयजी-एम ह्या जड सांखळ्यांच्या, दोन रांगा कॅपा आणि लँब्डा ह्या हलक्या सांखळ्यांच्या. एका प्लाझ्मा पेशीच्या वंशाला हलकी सांखळी एकच करतां येते, कॅपा तरी किंवा लँब्डा तरी. म्हणून खऱ्या सुळक्याची स्पष्ट रेघ एकाच जड रांगेंत आणि एकाच हलक्या रांगेंत उमटते. टेकडीच्या रोग्यांत कॅपा आणि लँब्डा दोन्हीं रांगा नुसत्या धुरकट होतात, रेघ कोठेंच नाहीं. रुंद टेकडीच्या माथ्यावर एखादा लहान सुळका दडला असला तरी तो याच परीक्षेंत सांपडतो.

खात्री करून घेण्याचें कारण, खोटे सुळकेही असतात. रक्त नीट गोठूं दिलें नाहीं, अथवा निवळीऐवजीं प्लाझ्मा चालविला, तर गोठण्याचें प्रथिन फायब्रिनोजेन बीटा आणि गॅमा यांच्या मध्यें एक सुबक रेघ काढतें. रक्त पातळ ठेवणारें हेपॅरिन दिलेल्या रोग्याच्या नळींत असें हमखास होतें. उपाय सोपा, पुन्हां नीट गोठवलेलें रक्त घ्यावें, रेघ नाहींशी होते. रक्त काढतांना तांबड्या पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिनची रेघ आल्फा-दोन आणि बीटा यांच्या आसपास येते. अशी निवळ आधींच गुलाबी दिसत असते. आणि अलीकडे एक नवाच प्रकार झाला आहे : मायलोमावर दिलें जाणारें डाराट्युम्युमॅब हें औषध स्वतःच एकवंशी प्रतिद्रव्य असल्यामुळें, औषधाचीच बारीक रेघ आलेखावर उमटते, आणि रोग पुरता गेला असतां थोडा शिल्लक राहिल्यासारखा दिसतो. रोग्याला कोणतें औषध चालू आहे हें प्रयोगशाळेला कळविणें म्हणूनच अगत्याचें.

बरें, खरा सुळका सांपडला म्हणजे मायलोमाच झाला काय? मुळींच नाहीं; आणि अहवाल हातांत पडतांच घाबरून जाणाऱ्या घरांना ही गोष्ट ठाऊक असणें जरूर आहे. सुळका बाळगून वर्षानुवर्षें धडधाकट असलेले लोक वाल्डेनस्ट्रम यांनींही पाहिले होते. अशा स्थितीला ‘निरुपद्रवी’ म्हणण्याची रीत होती. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनीं १९७८ सालीं तीस हरकत घेतली, कारण त्यांतील कांहींजणांना पुढें मायलोमा झालेला त्यांना आढळला. कोणाला होईल हें आधीं सांगतां येत नाहीं, म्हणून त्यांनीं तिला ‘अर्थ अनिश्चित असलेली एकवंशी वाढ’ अशा आशयाचें सावध नांव दिलें. त्यांच्या पुढील पाहण्यांत मिनेसोटांतील एका परगण्यांत पन्नाशीच्या पुढच्या शंभरांपैकीं सुमारें तीन जणांच्या रक्तांत असा सुळका निघाला. १३८४ लोकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून त्यांनीं २००२ सालीं जें प्रसिद्ध केलें त्यावरून, दरवर्षीं शंभरांत सुमारें एकाचा विकार मायलोमा किंवा त्याच्या जातीच्या रोगांत बदलतो.

वैद्य म्हणून तीन गोष्टी एकत्र पाहतो. सुळका ३ ग्रॅमच्या खालीं, अस्थिमज्जेंत प्लाझ्मा पेशी शेंकडा दहाहून कमी, आणि शरीराला इजा कांहीं नाहीं, तर नुसतें लक्ष ठेवावयाचें. इजा म्हणजे रक्तांत कॅल्शियम वाढणें, मूत्रपिंड बिघडणें, पंडुरोग आणि हाडांना भोंकें पडणें. आपल्या त्रेसष्ट वर्षांच्या रोग्याचा सुळका ३.९ ग्रॅम आहे, पंडुरोग आहे, कंबर दुखते आहे; त्याची मज्जा तपासणें आणि हाडांचीं चित्रें काढणें एक दिवसही लांबणीवर टाकूं नये. पुढें औषधानें सुळका किती उतरला हें त्याच प्रयोगशाळेंत, त्याच पद्धतीनें मोजावें. दोन ठिकाणच्या आंकड्यांची वजाबाकी विश्वसनीय नसते.

आतां राहिला त्या लंडनच्या व्यापाऱ्याच्या मूत्रांतील पदार्थ. १९६२ सालीं एडेलमन आणि गॅली यांनीं एकाच रोग्याचें मूत्र आणि रक्त दोन्हीं घेतलीं. रक्तांतील सुळक्याचें प्रथिन तोडून त्यांनीं त्याच्या हलक्या सांखळ्या वेगळ्या केल्या, आणि मूत्रांतील बेन्स जोन्स प्रथिनाशीं ताडून पाहिल्या. दोन्हीं एकच निघालीं. तापविलें असतां जमणें आणि अधिक तापविलें असतां विरघळणें हा चमत्कारही दोहोंत सारखाच. कांहीं रोग्यांत, आणि ते थोडेथोडके नाहींत, पिसाट झालेला वंश पूर्ण प्रतिद्रव्य घडवीतच नाहीं, नुसत्या हलक्या सांखळ्या घडवितो. त्या इतक्या लहान असतात कीं मूत्रपिंडांतून ताबडतोब निघून जातात. अशा रोग्याच्या निवळीच्या आलेखावर सुळकाही नसतो आणि टेकडीही नसते. गॅमाचा भाग सपाट पडलेला, एवढीच खूण. आणि घाईंत वाचणारा ‘कांहीं दोष नाहीं’ म्हणून अहवाल मिटून ठेवण्याचा संभव असतो. रंग बदलणारी कागदाची साधी पट्टी मूत्रांत बुडवून पाहिली तरी ती गप्प बसते, कारण ती मुख्यतः अल्ब्युमिनला ओळखते, हलक्या सांखळ्यांना नव्हे. म्हणून साठीच्या पुढच्या माणसाची पाठ दुखत असेल, पंडुरोग असेल, मूत्रपिंड बिघडलें असेल आणि आलेख मात्र ओसाड दिसत असेल, तर चोवीस तासांचें मूत्र एका भांड्यांत जमवून त्याचा इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन करावें, आणि रक्तांतील सुट्या हलक्या सांखळ्यांची मोजणी करून घ्यावी. ही मोजणी ह्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध झाली आहे.